निवडणूक ड्यूटीचा आदेश आला: ऑफिसला कसं कळवायचं आणि प्रशिक्षणाचे दिवस रजेतून कसे वाचवायचे

2024 मध्ये लोकसभेच्या वेळी माझ्या नावाने पहिल्यांदा निवडणूक ड्यूटीचा आदेश आला. मी नाशिकमध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत हेड कॅशियर आहे. दोन प्रशिक्षणं होती आणि दोन्ही कामाच्या दिवशी. शाखाधिकाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, त्या दोन दिवसांच्या सी.एल. टाका, मी लगेच मंजूर करतो." मी टाकल्या, त्यांनी मंजूर केल्या, आणि वर्षाच्या बारा सी.एल.मधल्या दोन सरकारी कामासाठी गेल्या. पुढे दोन-तीन महिन्यांत मुलाच्या आजारपणात एकेक रजा मोजून वापरावी लागली तेव्हा मी युनियनच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे हे बोलले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तू रजा मागितलीस कशाला?"

नव्याने ड्यूटी लागलेले नव्वद टक्के गोंधळ इथेच करतात, म्हणून हा लेख. निवडणुकीचं प्रशिक्षण म्हणजे रजा नव्हे, तो कामाचा दिवस असतो, फक्त कामाची जागा बदललेली असते. त्यामुळे ऑफिसकडे रजा मागायची नसते. दोन गोष्टी मागायच्या असतात: त्या दिवसापुरतं कार्यमुक्त करणं आणि तो दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरणं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला पुन्हा आदेश आला. तेव्हा एकदा चटका बसलेला असल्याने मी सगळं लेखी केलं आणि एकही दिवस गेला नाही. ते कसं केलं, ते क्रमाने सांगते. उदाहरण बँकेचं आहे, पण अनुदानित शाळा-कॉलेज, एलआयसी, महावितरण, महापालिका, जिल्हा परिषद अशा कुठल्याही ठिकाणी रीत साधारण हीच.

## 1. आदेश हातात पडला की आधी चार गोष्टी वाचा

आदेश जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी यांच्या सहीने निघतो आणि बहुतेक वेळा तुमच्या घरी न येता कार्यालयप्रमुखांच्या मार्फत येतो. शाखेने किंवा शाळेने आधी कर्मचाऱ्यांची माहिती भरून दिलेली असते, त्यातून संगणकावर सरमिसळ होऊन नावं निघतात. ही सरमिसळ टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात कोणाला घ्यायचं आणि कोणत्या पदावर घ्यायचं ते ठरतं. पुढच्या टप्प्यात पथक आणि विधानसभा मतदारसंघ ठरतो. मतदान केंद्र कोणतं, हे अगदी शेवटी कळतं. म्हणून पहिल्या आदेशात गावाचं नाव नसलं तर घाबरू नका आणि ऑफिसला "मला अमुक गावी ड्यूटी आहे" असं आधीच सांगून मोकळे होऊ नका.

पहिली गोष्ट, आदेशाचा क्रमांक आणि तारीख. पुढच्या प्रत्येक पत्रात ती लागणार आहे. दुसरी, तुमचं पद: केंद्राध्यक्ष, पहिले मतदान अधिकारी की इतर मतदान अधिकारी. तिसरी, प्रशिक्षणाची तारीख, वेळ आणि ठिकाण. चौथी गोष्ट बरेच जण वाचतच नाहीत. आदेशात तुमचं नाव, हुद्दा आणि कार्यालय बरोबर आहे का, ते पाहा. माझ्या शाखेत एका सहकाऱ्याची बदली होऊन सहा महिने झाले होते, तरी आदेश जुन्या शाखेच्या नावाने आला. अशा वेळी जुन्या शाखेने "सदर कर्मचारी अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी बदलून गेले आहेत" असा लेखी शेरा मारून आदेश परत करायचा असतो. तो न करता कागद टपालाच्या ट्रेमध्ये पडून राहिला, तर नोटीस त्या माणसाच्या नावाने निघते आणि त्याला काहीच माहीत नसतं.

आदेशाच्या पोचवर सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा. आदेश वरच्या कार्यालयात तीन दिवस पडून मग शाखेत येतो, असं सर्रास होतं. प्रशिक्षण उद्या आणि आदेश आज दुपारी, अशी वेळ आली तर ही तारीखच तुमच्या बाजूने बोलते.

आता एक फरक ध्यानात ठेवा. लोकसभा आणि विधानसभा निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो, तिला लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 लागू होतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या, त्यांचे कायदे वेगळे. खाली मी कलमं दिली आहेत ती पहिल्या प्रकारासाठी आहेत. नाशिक महापालिकेच्या निवडणुकीची ड्यूटी लागली असेल, तर अर्जात 1951 च्या कायद्याचं कलम टाकू नका. तुमच्या आदेशात जे कलम छापलेलं असेल तेच उतरवा.

## 2. त्याच दिवशी तोंडी सांगा, आणि काम कोणाकडे जाईल तेही सांगा

साहेबांचा राग ड्यूटीवर नसतो, ऐनवेळी कळण्यावर असतो. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं.

माझ्या कामात तिजोरीच्या दोन चाव्या असतात. एक माझ्याकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं एकत्र असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. म्हणजे मी सकाळी दहाला प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये असले आणि चावी माझ्या पर्समध्ये राहिली, तर शाखेत कॅशच सुरू होणार नाही. आदल्या संध्याकाळी तिजोरी बंद करताना चावी दुसऱ्या कॅशियरकडे द्यायची, चावीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायची, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची, हे सगळं करावं लागतं. दुसऱ्या कॅशियरने त्या दिवशी रजा टाकलेली असेल तर साहेबांना दुसऱ्या शाखेतून माणूस मागवावा लागतो आणि त्यासाठी त्यांना किमान दोन दिवस हवेत.

विधानसभेच्या वेळी आदेश बुधवारी दुपारी मिळाला. प्रशिक्षण पुढच्या मंगळवारी होतं. मी त्याच संध्याकाळी कॅश मोजून झाल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, मंगळवारी माझं निवडणूक प्रशिक्षण आहे. सोमवारी बंद होताना चावी दादांकडे देते, त्यांना विचारलंय, ते मंगळवारी आहेत. उद्या सकाळी लेखी अर्ज देते." साहेबांनी कॅलेंडरवर खूण केली आणि विषय दोन मिनिटांत संपला. तुमच्या जागी वर्ग असेल, प्रयोगशाळा असेल, सबस्टेशनची पाळी असेल. ती जागा कोण सांभाळणार, याचं एक नाव घेऊनच आत जा.

तोंडी सांगून थांबू नका. तोंडी सांगितलेलं आठ दिवसांनी कोणालाच आठवत नाही.

## 3. अर्ज: 'रजा' हा शब्द येऊ देऊ नका

अर्ज एक पानाचा पुरे. पण त्यात "रजा मंजूर करावी" लिहिलं की रजेचा कारकून तो रजेच्या फाइलला लावतो आणि पुढचं सगळं चुकत जातं. मी दिलेला अर्ज असा होता. नाव-तारखा तुमच्या टाका.

> प्रति,
> मा. शाखाधिकारी,
> ________ शाखा, नाशिक
>
> विषय: निवडणूक प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करणे व सदर कालावधी कर्तव्यकाळ म्हणून ग्राह्य धरणेबाबत.
>
> संदर्भ: मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा निवडणूक अधिकारी, नाशिक यांचा आदेश क्र. ________, दि. ________
>
> महोदय,
>
> वरील संदर्भीय आदेशान्वये माझी ________ या पदावर निवडणूक कर्तव्यासाठी नियुक्ती झाली आहे. सदर आदेश मला दि. ________ रोजी ____ वाजता प्राप्त झाला. आदेशानुसार दि. ________ रोजी ____ वाजता ________ येथे प्रशिक्षणास उपस्थित राहणे मला बंधनकारक आहे.
>
> तरी मला दि. ________ रोजी प्रशिक्षणासाठी कार्यमुक्त करावे व हा दिवस माझ्या रजेच्या खात्यातून वजा न करता कर्तव्यकाळ म्हणून नोंदवावा, ही विनंती. प्रशिक्षणानंतर उपस्थितीचा पुरावा सादर करीन. पुढील प्रशिक्षण, साहित्य वाटप व मतदान यांच्या तारखा निश्चित होताच लेखी कळवीन.
>
> माझ्या अनुपस्थितीत ________ यांच्याकडे कामाचा कार्यभार राहील.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक)
>
> सोबत: नियुक्ती आदेशाची प्रत

दोन प्रती करा. एक ऑफिसला द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्या. लहान शाखेत आवक रजिस्टर नसेल तर साहेबांची तारखेसह सही पुरेशी आहे. शिवाय ऑफिसच्या ईमेलवरही तोच अर्ज आणि आदेशाचा फोटो पाठवून ठेवा.

'पुढील प्रशिक्षण' ही ओळ मुद्दाम आहे. पहिल्या आदेशात बहुधा एकाच प्रशिक्षणाची तारीख असते. मतदारसंघ ठरल्यावर दुसऱ्या प्रशिक्षणाचा वेगळा आदेश येतो आणि तो मतदारसंघाच्या ठिकाणी असू शकतो. नाशिक जिल्ह्यात पंधरा विधानसभा मतदारसंघ आहेत, एका टोकाला इगतपुरी आणि दुसऱ्या टोकाला नांदगाव, मालेगाव. मला येवला मिळालं. नाशिकपासून ते 80 किलोमीटरच्या आसपास आहे. शहरातलं प्रशिक्षण सकाळच्या सत्रात संपलं तर दुपारी शाखेत येता येतं आणि यायलाही हवं. पण येवल्याचं प्रशिक्षण दहाला असलं तर सकाळी सातला निघावं लागतं आणि परतायला संध्याकाळ होते. तो पूर्ण दिवस कर्तव्याचा, हे अर्जात ठिकाणासह लिहा, म्हणजे "दुपारनंतर का आला नाहीत" हा प्रश्न येत नाही.

आणखी एक दिवस हमखास विसरला जातो. साहित्य वाटप मतदानाच्या आदल्या दिवशी असतं. 20 नोव्हेंबर 2024 ला, बुधवारी, विधानसभेचं मतदान होतं आणि त्या दिवशी बँकांना सुट्टी होती. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, ड्यूटीचा दिवस सुट्टीतच गेला, प्रश्नच मिटला. पण 19 तारखेला, मंगळवारी, सकाळीच मतदारसंघाच्या ठिकाणी हजर व्हायचं होतं. यंत्रं आणि साहित्य ताब्यात घ्यायचं, तपासायचं आणि बसने केंद्रावर मुक्कामाला जायचं. तो बँकेचा कामाचा दिवस होता. माझ्या ओळखीच्या दोघांच्या हजेरीत 19 तारीख गैरहजर लागली, कारण त्यांनी अर्जात फक्त 20 लिहिलं होतं. प्रशिक्षणाचे दिवस, साहित्य वाटपाचा दिवस आणि मतदानाचा दिवस हे सगळे कर्तव्यात मोजा.

मतदान संपल्यावर साहित्य जमा करून घरी पोचायला मध्यरात्र होते, कधी पहाट. दुसऱ्या दिवशीची सवलत आपोआप मिळेल असं धरून घरी बसू नका. त्याबाबत निवडणूक कार्यालयाचं लेखी पत्र निघालं असेल तर ते अर्जाला जोडा. नसेल तर साहेबांशी त्या दिवसाबद्दल आधीच बोलून ठेवा.

## 4. साहेब "नाही सोडता येणार" म्हणाले तर

भांडायची गरज सहसा पडत नाही. बहुतेक अधिकाऱ्यांना कायदा ठाऊक नसतो, आणि तो शांतपणे दाखवला की ते स्वतःच सुटकेचा श्वास घेतात, कारण वरच्या कार्यालयाला उत्तर द्यायला त्यांनाही आधार हवा असतो.

आधार दोन कलमांचा आहे. 1951 च्या कायद्याचं कलम 159 सांगतं, की कोणत्या संस्थांनी मागणी झाल्यावर निवडणुकीसाठी कर्मचारी द्यायचेच. त्यात स्थानिक स्वराज्य संस्था, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, सरकारी कंपन्या आणि केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या किंवा सरकारच्या पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या संस्था येतात. राष्ट्रीयीकृत बँका 1970 आणि 1980 च्या कायद्यांनी झाल्या, एलआयसी 1956 च्या कायद्याने. म्हणून आम्ही त्यात बसतो. खासगी कंपनीतला कर्मचारी या कलमात बसत नाही. तशा कोणाला चुकून आदेश आला असेल तर तो गप्प ठेवू नये, नोकरीच्या पुराव्यासह निवडणूक कार्यालयात जाऊन लेखी कळवावं.

दुसरं कलम 28-अ. केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी वगैरे नेमलेली माणसं निवडणुकीच्या अधिसूचनेपासून निकालापर्यंत निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचं मानलं जातं आणि त्या काळात आयोगाच्या नियंत्रणाखाली आणि शिस्तीखाली असतात. 2024 च्या विधानसभेसाठी हा काळ 22 ऑक्टोबर ते 23 नोव्हेंबर होता. प्रतिनियुक्तीवरच्या माणसाचा दिवस सी.एल.मध्ये धरता येत नाही, हे समजावून सांगायला हे कलम सगळ्यांत सोपं आहे. पण एक बारकावा आहे. पहिलं प्रशिक्षण कधीकधी अधिसूचनेच्या आधीच होतं. तेव्हा 28-अ पुढे करू नका, समोरचा माणूस तारखा पाहून तुमचंच पत्र परत करेल. अशा दिवसासाठी नियुक्ती आदेश हाच आधार, आणि तो पुरेसा आहे.

काय करू नये, तेही सांगते. साहेब म्हणतात, "तुम्ही जाऊ नका, मी तहसीलमध्ये बोलतो." हे ऐकून घरी किंवा काउंटरवर बसू नका. ड्यूटी रद्द करण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखांना नसतो. ते फक्त शिफारस करू शकतात. प्रशिक्षणाला गैरहजर राहिल्यावर कारणे दाखवा नोटीस तुमच्या नावाने येते आणि कलम 134 नुसार पुरेशा कारणाशिवाय कर्तव्यात कसूर करणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. दंड पाचशे रुपयांपर्यंतचा आहे, पण त्यासोबत खात्याची चौकशी लागली की सेवापुस्तकाला ते चिकटतं. रद्द झाल्याचा लेखी आदेश हातात येईपर्यंत ड्यूटी कायम आहे, असं धरून प्रशिक्षणाला जा.

खरंच अडचण असेल, म्हणजे गरोदरपण, मोठं आजारपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, तर वेगळा अर्ज करून कागदपत्रांसह निवडणूक कार्यालयात द्या, कार्यालयप्रमुखांची शिफारस जोडा आणि पोच घ्या. "शाखेत माणसं कमी आहेत" हे कारण तुमच्या अर्जात घालू नका. ते कार्यालयाचं कारण आहे आणि ते त्यांनी त्यांच्या पत्रात लिहायचं असतं.

साहेब ऐकतच नसतील, तर त्यांच्याकडे एवढीच मागणी करा: "सर, सोडता येत नाही असं मला लेखी द्या, मी ते निवडणूक कार्यालयाला दाखवते." हे वाक्य आवाज न चढवता, आदराने म्हणा. माझ्या पाहण्यात असं लेखी अजून कोणी दिलेलं नाही. तरीही अडलंच तर जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेत, किंवा आदेशावर ज्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे तिथे, आदेशाची प्रत घेऊन जा. मनुष्यबळाचं काम पाहणारे अधिकारी थेट कार्यालयप्रमुखांना फोन करतात.

## 5. हजेरीच्या सिस्टीममध्ये नोंद

अर्ज मंजूर झाला म्हणजे काम झालं, असं नाही. पगार कागदावरून निघत नाही, सिस्टीमवरून निघतो. माझ्या बँकेत एचआरएमएसमध्ये रजेच्या यादीतच 'ऑन ड्यूटी' हा पर्याय असतो. काही ठिकाणी त्याला विशेष रजा म्हणतात, शाळांमध्ये मस्टरवर 'निवडणूक कर्तव्य' असा लाल शाईचा शेरा मारतात. नाव काहीही असो, नोंद केल्यावर सी.एल.ची शिल्लक पाहा. मंगळवारची नोंद करण्यापूर्वी माझी शिल्लक चार होती, नोंदीनंतरही चारच राहायला हवी होती आणि राहिली. शिल्लक एकने कमी झाली तर पर्याय चुकीचा निवडला गेला आहे. तिथल्या तिथे रद्द करून पुन्हा भरा, महिना बंद झाल्यावर दुरुस्ती वरच्या कार्यालयातून करावी लागते आणि ती महिनोन्‌महिने रेंगाळते. माझ्या लोकसभेच्या दोन सी.एल. अशाच अडकल्या, त्या परत मिळाल्या नाहीत.

बायोमेट्रिक असलेल्या ठिकाणी अंगठा लागला नाही की सिस्टीम स्वतःहून गैरहजेरी लावते. तेव्हा प्रशिक्षणाच्या आधीच नोंद करून ठेवणं चांगलं.

प्रशिक्षण दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी किंवा रविवारी असेल तर सिस्टीममध्ये काही भरायचंच नाही. ऑफिसला मात्र लेखी कळवा, कारण उपस्थितीचा कागद त्याच फाइलला जायचा आहे.

## 6. प्रशिक्षणाच्या दिवशी सोबत काय न्यायचं

- नियुक्ती आदेशाची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स
- कार्यालयाचं ओळखपत्र
- मतदार ओळखपत्र, आणि मतदार यादीतला तुमचा भाग क्रमांक व अनुक्रमांक एका कागदावर लिहिलेला
- दोन-तीन पासपोर्ट फोटो
- भत्त्यासाठी बँक खात्याचा तपशील, शक्यतो रद्द केलेला चेक किंवा पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स

यातली दुसरी झेरॉक्स सगळ्यांत महत्त्वाची. प्रशिक्षणाच्या ठिकाणी हजेरीपत्रकावर सही होते, पण ते पत्रक निवडणूक कार्यालयाकडे राहतं. तुमच्या ऑफिसला दाखवायला तुमच्या हातात काहीच उरत नाही. मी येवल्याला पोचल्याबरोबर हजेरीच्या टेबलावर सही केली आणि तिथल्या ताईंना म्हटलं, "मॅडम, या झेरॉक्सवर 'उपस्थित' असं लिहून सही-शिक्का द्याल का? बँकेला द्यायचंय." त्यांनी तारीख टाकून लगेच दिलं. हे सकाळी करा. संध्याकाळी चारला शेकडो माणसं एकदम दाराकडे धावतात, शिक्का पेटीत बंद झालेला असतो आणि टेबलावरची माणसं पुढच्या बॅचची कागदं जुळवत असतात. शिक्का नसेल तर सहीखाली त्यांचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या.

मतदार यादीचा तपशील सोबत हवा, कारण टपाली मतदानासाठीचा नमुना 12 हा अर्ज बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणातच भरून घेतात. ड्यूटीवरच्या कर्मचाऱ्यांचं टपाली मतदान आता सुविधा केंद्रावर जाऊन करावं लागतं, आणि ते केंद्र अनेकदा प्रशिक्षणाच्या ठिकाणीच असतं. पहिल्या दिवशी अर्ज दिला तर पुढच्या प्रशिक्षणात मत देता येतं. तपशील घरी राहिला, तर फक्त मतदानासाठी पुन्हा एक फेरी आणि पुन्हा ऑफिसकडे वेळ मागणं आलं.

प्रवास आणि प्रशिक्षणाचा भत्ता निवडणूक कार्यालय देतं. त्याच दिवसाचं प्रवासबिल ऑफिसकडे लावू नका. दोन्हीकडून घेतल्याचं लेखापरीक्षणात निघालं तर वसुली होते आणि तुमच्या सरळ कामालाही डाग लागतो.

## 7. परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी, इतर कामात बुडण्याआधी, उपस्थितीची झेरॉक्स एका ओळीच्या पत्रासोबत द्या: "संदर्भ: माझा दि. ________ चा अर्ज. प्रशिक्षणास उपस्थित राहिल्याचा पुरावा सोबत जोडला आहे. सदर दिवस कर्तव्यकाळ म्हणून नोंदवावा." यावरही पोच घ्या. दुसऱ्या प्रशिक्षणानंतर हेच, मतदानानंतरही हेच. मतदानाच्या दिवसासाठी साहित्य जमा केल्याची पावती किंवा कार्यमुक्तीचा आदेश मिळतो, तो जपून ठेवा. मध्यरात्री थकल्या अंगाने तो खिशात कोंबला जातो आणि कपडे धुवायला टाकताना जातो, म्हणून मी तिथेच उभ्याउभ्या त्याचा फोटो काढला आणि स्वतःलाच पाठवला.

चाव्या परत घेताना रजिस्टरमध्ये पुन्हा नोंद करायला विसरू नका. प्रशिक्षणानंतर बुधवारी सकाळी दादांनी चावी माझ्या हातावर ठेवली, दोघांनी सह्या केल्या, आणि दहा वाजता काउंटर उघडलं.

महिन्याअखेर पगारपत्रक आलं की त्यावरची रजेची शिल्लक आणि कामाचे दिवस ताडून पाहा. चूक दिसली तर अर्जाच्या, मंजुरीच्या आणि उपस्थितीच्या अशा तिन्ही प्रती एकत्र टाचून त्याच आठवड्यात दुरुस्ती मागा.